स्पीकरला किती जाडीची वायर लावावी? आणि बनाना प्लग हवेतच का?

पॅसिव्ह, म्हणजे आत स्वतःचा ॲम्प नसलेल्या स्पीकरच्या खोक्यात येणारी फुकटची वायर बहुतेकदा केसासारखी बारीक असते. ॲम्प शेजारी असेल तर ती चालतेही. प्रश्न येतो तो स्पीकर हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असतो तेव्हा.

१. आधी स्पीकरचे ओहम बघा

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ४, ६ किंवा ८ ओहम असं लिहिलेलं असतं. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध या आकड्याच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा रूढ नियम आहे. म्हणजे ८ ओहमला ०.४, ६ ला ०.३ आणि ४ ला ०.२ ओहम. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे हाच ओहमचा आकडा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो. त्यामुळे वायरीचा रोध वाढला की आवाज नुसता कमी होत नाही, काही सूर जास्त दबतात, काही कमी, आणि बेसवरची ॲम्पची पकड ढिली होते.

२. लांबी मोजा आणि दुप्पट करा

सुतळी घेऊन ॲम्पपासून स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, वायर जशी जाणार तशीच फिरवा. सरळ रेषेत मोजलेलं अंतर नेहमी कमी पडतं.

समजा स्पीकर ६ ओहमचे आहेत, डावा ३ मीटरवर आणि उजवा दारावरून फिरून ९ मीटरवर. उजव्यासाठी तांबं झालं १८ मीटर. तांब्याच्या फ्लेक्झिबल वायरीचा रोध मीटरमागे ०.७५ स्क्वेअर एमएमला साधारण ०.०२६ ओहम, दीडला ०.०१३३ आणि अडीचला ०.००८ असतो. १८ मीटरला ०.७५ ची वायर ०.४७ ओहम देते, म्हणजे बाद. दीडची ०.२४ देते, म्हणजे पास. हेच स्पीकर ४ ओहमचे असते तर अडीचची घ्यावी लागली असती.

डाव्याला ०.७५ ही पुरते, पण दोन्हीकडे दीडचीच लावा. दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात असं मात्र काही नाही. या उदाहरणात दोन्ही बाजूंच्या आवाजात सुमारे ०.२ डेसिबलचा फरक पडेल, तो गाणं ऐकताना जाणवत नाही. उरलेल्या वायरीचं वेटोळं कपाटामागे कोंबण्यापेक्षा ती कापलेली बरी.

ऑनलाइन घेताना जाडी गेजमध्ये दिसते. तिथे आकडा लहान तितकी वायर जाड: १६ गेज म्हणजे सुमारे १.३ स्क्वेअर एमएम, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३.

३. तांबंच आहे ना, ते तपासा

स्वस्त वायरीत अनेकदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, बाजारात तिला सीसीए म्हणतात. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या जवळजवळ दीडपट. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम. बाहेरून चंदेरी पण आत लालसर निघाली तर ते कथिल चढवलेलं तांबं, ते उत्तम. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी चांगल्या कंपनीची तांब्याची दोन कोअरची फ्लेक्झिबल वायर स्पीकरला उत्तम चालते. ‘ऑडिओफाइल’ लिहिलेल्या वायरीला दहापट पैसे मोजण्याचं कारण मला तरी दिसलेलं नाही.

४. टोकं: उघडी की प्लग?

सोललेली तार तशीच टर्मिनलमध्ये घातली काय किंवा तिच्या टोकाला बनाना प्लग चढवला काय, आवाजात फरक नाही. घट्ट बसलेली उघडी तार प्लगइतकीच चांगली, उलट एक जोड कमीच.

उघडी ठेवायची तर ॲम्प बंद करून १० ते १२ मिमी आवरण सोला, तारा घट्ट पिळा, टर्मिनलच्या भोकात घाला आणि आवळा. एकही केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकता कामा नये. टेकला की शॉर्ट होतो, आणि नशीब चांगलं असेल तर ॲम्प प्रोटेक्शनमध्ये जाऊन आपणच बंद होतो. टोकाला सोल्डर लावू नका, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि पकड सैल होते. आठवड्याभराने पुन्हा एकदा आवळा. कोकणातल्या दमट हवेत तांबं काळं-हिरवं पडतं, तेव्हा टोक कापून नवं सोला.

ॲम्पच्या मागे हात जेमतेम पोचत असेल किंवा वायरी वारंवार काढाव्या लागत असतील, तर बनाना प्लग घ्याच. दोन स्क्रूवाला साधा ४ मिमीचा प्लग पुरतो. काही ॲम्पच्या टर्मिनलच्या तोंडाशी प्लास्टिकची छोटी बुचं असतात, ती आधी काढावी लागतात. दाबून उघडणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपांमध्ये मात्र बनाना बसत नाही, तिथे उघडी तारच. घरात लहान मूल असेल तर प्लग लावलेलं टोक मोकळं सोडू नका, ४ मिमीचा प्लग भिंतीतल्या विजेच्या सॉकेटमध्येही शिरू शकतो.

५. चालू करण्यापूर्वी

वायर ॲम्पपासून सोडवलेली असतानाच तिच्या ॲम्पकडच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. ६ ओहमच्या स्पीकरला साधारण ५ च्या आसपास दिसेल. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, काहीच आलं नाही तर जोड सुटलाय.

मग १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल त्याच टोकांना क्षणभर टेकवा, प्लस लाल बाजूच्या तारेला. वूफर बाहेर आला तर पोलॅरिटी बरोबर. एक बाहेर आणि एक आत जात असेल, तर त्या आत जाणाऱ्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा, नाहीतर बेस गायब होईल आणि तुम्ही जाड वायरीच्या शोधात पुन्हा दुकानात जाल.