अर्धा कोयता, पुरतं नाव

बीडकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, अन् कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, तीही अर्धीच. नवरा गेलेल्या बाईवर मी गाणं लिहिलं, त्याचं ध्रुपद असं होतं:

अर्धा कोयता म्हणती मला, धनी, अर्धीच उचल हाती

शेवटी मी लिहिलं होतं, 'सरेल काळी रात उद्याला, उजळतील वाती'. यमक जुळलं म्हणून मी खूश. आयुष्यभर ऊस तोडलेल्या शेजारच्या मावशीला म्हणून दाखवलं, तर म्हणाली, "उजाडतंय तर रोजच. उजाडलं की फडात जावं लागतंय."

तिथंच चूक कळली. ती ओळ कुठल्याही रडक्या गाण्याला चिकटली असती. तुमची शेवटची ओळ उचलून दुसऱ्या गाण्यात ठेवून बघा. तिथंही बसली, तर ती तुमच्या गाण्यातून आलेली नाही.

मग बाहेरून काही आणायचं नाही असं ठरवलं आणि गाण्यात आधीच काय पडलंय ते शोधलं. दुसऱ्या कडव्यात कोपीपुढं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीपुढं बसून फुटक्या पाटीवर आपलं नाव गिरवणारी लेक होती. मी तिला निव्वळ चित्रापुरती घातली होती. पण आपल्याकडं पुरतं नाव लिहायचं म्हणजे मधी बापाचं नाव येतं! ज्याच्या जाण्यानं कोयता अर्धा झाला, तोच पाटीवर परत येतो. ओळ झाली:

नाव पुरतं लिवती लेक, धनी, मधी तुमचं लिवती

मावशीनं पुन्हा अडवलं. "त्या बाईला वाचता येतं का?" नव्हतं येत. मग तिला कळलं कसं? 'लिवती'च्या जागी 'वाचती' केलं. आता लेक मोठ्यानं वाचते आणि आई ऐकते. दुसऱ्या कडव्यात मात्र लेक फक्त स्वतःचंच नाव गिरवते, बापाचा उल्लेख तिथं नाही. तो आधी आला असता, तर शेवट ऐकणाऱ्यानं केव्हाच ओळखला असता.

एक अडचण राहिली होती. आपल्या गाण्यात कडवं संपलं की ध्रुपदावर यायचं असतं, म्हणजे आशेच्या ओळीनंतर परत 'अर्धा कोयता'. म्हणून ही ओळ मी ध्रुपदाच्याच जागी, ध्रुपदाच्याच चालीत ठेवली. कान जुन्या दुःखाची वाट बघत असतो आणि शब्द वेगळे येतात. आधी मी ती वरच्या पट्टीत चढवून, ढोलकी वाढवून म्हणायचो, तेव्हा नाटकी वाटायचं. आता ढोलकी थांबते, आवाज आहे तेवढाच राहतो.

नवीन गाणं ऐकून मावशी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अन् उचल फिटली का तिची?"

फिटली नव्हती. फिटल्याचं कडवं मी लिहिलं नाही.