दुसरीकडे होकार दिलाय, आणि इकडची शेवटची फेरी बाकी आहे

सोलापुरात राहून नोकरी शोधणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलाखती बहुतेक पुण्याच्याच असतात, आणि एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या फेऱ्या चालू असतात. त्यात गैर काहीच नाही. अडचण येते ती एकीकडे होकार दिल्यावर. माझ्या बाबतीत सोमवारी संध्याकाळी एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. दुसऱ्या कंपनीची शेवटची फेरी बुधवारी अकरा वाजता होती, तीही पुण्याला प्रत्यक्ष जाऊन, आणि ती एका कन्सल्टन्सीमार्फत ठरली होती.

लेटर आलं म्हणून मी लगेच दुसरीकडे नाही म्हटलं नाही. आधी ते शेवटपर्यंत वाचलं. पद, रुजू होण्याची तारीख, हातात पडणारा पगार, बॉण्ड आहे का, नोटीस पिरियड किती, हे सगळं बोलणं झालं होतं तसंच आहे ना ते पाहिलं. मगच सही करून पाठवलं, आणि ‘मिळालं, अमुक तारखेला या’ असं त्यांचं उलट उत्तर येईपर्यंत थांबले. फोनवर ‘तुमचं सिलेक्शन झालंय, लेटर येईल’ एवढंच कळलं असेल तर दुसरी मुलाखत अजिबात सोडू नका. असा तोंडी निरोप कधी कधी पुढे सरकतच नाही. पण लेखी होकार एकदा पक्का झाला, की त्याच दिवशी दुसऱ्यांना कळवायचं.

आई म्हणाली, “बुधवारी जाऊन तर ये, अनुभव मिळेल.” आपल्याकडे घरोघरी हेच सांगतात. मला ते पटलं नाही. शेवटच्या फेरीला मॅनेजर स्वतःचा वेळ काढून बसतो, आणि आपण अडवलेली वेळ दुसऱ्या उमेदवाराला मिळू शकते. न कळवता गैरहजर राहणं तर त्याहून वाईट, कारण अनेक कंपन्यांच्या भरतीच्या नोंदींत ‘उमेदवाराने माघार घेतली’ आणि ‘उमेदवार आलाच नाही’ असे दोन वेगळे शेरे असतात. पुढे तिथेच अर्ज केला तर दुसरा शेरा आडवा येऊ शकतो.

मुलाखत दुसऱ्याच दिवशी असल्यामुळे मी मंगळवारी सकाळी ऑफिस उघडताच आधी फोन केला आणि मग मेल. चार-पाच दिवस हातात असते तर नुसता मेल पुरला असता. कन्सल्टन्सीच्या मॅडम म्हणाल्या, “अहो, राउंड तर द्या, ऑफर आली की ठरवा.” त्यांचं असं म्हणणं साहजिक आहे. उमेदवार रुजू झाला तरच कंपनी त्यांना मोबदला देते, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत असते. मी एवढंच म्हटलं, “मॅडम, मी लेखी होकार दिलाय आणि तो मागे घेणार नाही. माझं नाव आजच काढा, म्हणजे बुधवारची वेळ तुम्हाला दुसऱ्या कोणाला देता येईल.” वाद घातला नाही, कारणंही सांगत बसले नाही.

मेल नेहमीप्रमाणे इंग्रजीतच लिहिला, मुलाखतीच्या वेळेचा मेल ज्या साखळीत आला होता तिथेच उत्तर म्हणून. त्या साखळीत कंपनीच्या एचआरही होत्या, म्हणून तो दोघांनाही गेला. हे मुद्दाम करा. सगळं कन्सल्टन्सीवर सोडलं आणि निरोप पोहोचला नाही, तर गैरहजेरी आपल्या नावावर लागते. मजकूर असा होता: ‘मी दुसरीकडे नोकरी स्वीकारली आहे, त्यामुळे या निवड प्रक्रियेतून माघार घेत आहे. कृपया बुधवारची अकराची मुलाखत रद्द करावी. तांत्रिक फेरीत दिलेल्या वेळेबद्दल आभार.’ नव्या कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा लिहिला नाही, तो लिहायची गरज नसते. ‘माझा विचार चालू ठेवा’ असंही लिहू नका. त्याने होकार कच्चा आहे असंच वाटतं.

दुपारी एचआरचा फोन आला: “आम्ही पॅकेज वाढवलं तर?” या प्रश्नाचं उत्तर फोन यायच्या आधीच ठरलेलं हवं. मला काम आवडलं म्हणून मी होकार दिला होता, त्यामुळे “धन्यवाद, पण मी शब्द दिलाय” हे म्हणायला वेळ लागला नाही. जास्त पगाराने तुमचं मन खरंच बदलणार असेल, तर त्याची वेळ होकाराच्या आधीची. तेव्हा दुसऱ्या कंपनीला सरळ सांगावं, की माझ्या हातात ऑफर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमची फेरी त्याआधी होईल का? असं विचारलेलं एचआरना खटकत नाही, पुष्कळदा ते फेरी अलीकडेही आणतात.

कॅम्पस प्लेसमेंट असेल तर मात्र आधी कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना भेटा. एक ऑफर स्वीकारल्यावर पुढच्या मुलाखतींना बसू न देण्याचा नियम बऱ्याच कॉलेजांत असतो, आणि कंपनीला कळवायचं कोणी, हेही तेच ठरवतात.

मेल पाठवल्यावर कॅलेंडरमधलं बुधवारचं आमंत्रणही नाकारा, नाहीतर मुलाखत घेणाऱ्याला ती वेळ ठरलेलीच दिसत राहते. आणि नोकरीच्या पोर्टलवर ‘नोकरी शोधत आहे’ असं ठेवलं असेल तर तेही त्याच बैठकीत बदलून टाका.