शेजाऱ्याच्या फोनवर ४जी आणि आपल्यावर नुसतं ‘E’? असं शोधा कारण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या बाजूला गेलं की हे हमखास दिसतं. एकाच ओसरीवर दोघं बसलेले, दोघांचं सिम एकाच कंपनीचं, पण एकाचा व्हिडिओ चालतो आणि दुसऱ्याच्या फोनवर कोपऱ्यात ‘E’. आमच्या काकांची तक्रार हीच होती. “तेच्यात येतंय, मग माझ्यात का येईना?” टॉवरला शिव्या देऊन झाल्या होत्या, म्हणून फोन हातात घेतला.

आधी ते अक्षर वाचा. ‘E’ म्हणजे २जी, ‘H’ किंवा ‘H+’ म्हणजे ३जी. २जीवर व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, फोटो गोल गोल फिरत राहतो. (जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर ‘E’ दिसणार नाही. तिथं ४जी मंद तरी असतं, नाहीतर काहीच नसतं.)

मग सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर जाऊन ‘Preferred network type’ बघा. कुणीतरी बॅटरी वाचवायला ते २जी किंवा ३जीवर ठेवलेलं असतं. ४जी किंवा ५जीसह असलेला पर्याय निवडा. जुन्या दोन सिमच्या फोनांत आणखी एक गोम असते: बऱ्याच फोनांत एका वेळी एकाच सिमला ४जी मिळतं, दुसरं २जीवर राहतं. डेटाचं सिम पहिल्या खाचेत घालून बघा.

काकांचं हे सगळं बरोबर होतं. तेव्हा त्यांचं सिम शेजाऱ्याच्या फोनमध्ये घातलं. ही परीक्षा सगळ्यांत कामाची. तिथंही ‘E’च राहिलं असतं, तर सिम जुनं, ३जीच्या काळातलं आहे असा संशय घ्यायचा आणि दुकानात बदलून घ्यायचं. पण तिथं लगेच ४जी आलं. म्हणजे सिम बरं, टॉवरही बरा. राहिला फोन.

आता डायल पॅडवर हे टाका:

```
*#*#4636#*#*
```

काही कंपन्यांच्या फोनांत हा कोड चालत नाही. चालला तर ‘Phone information’ उघडा आणि नेटवर्कचा प्रकार ‘LTE only’, म्हणजे फक्त ४जी, करा. काकांच्या फोनवर दोन मिनिटं थांबूनही ‘Out of service’च राहिलं. याचा अर्थ, त्या जागी त्याला ऐकू येईल असं ४जी नव्हतंच. बघून झाल्यावर सेटिंग मागं फिरवायला विसरू नका, नाहीतर फोन लागणं बंद होईल.

शेजाऱ्याच्या फोनवर त्याच पानात ‘EARFCN’ नावाचा आकडा होता, ९,२१० ते ९,६५९ या पट्ट्यातला. बँड म्हणजे टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात त्यांचा ठरलेला गट. हा पट्टा म्हणजे बँड २८, ७०० मेगाहर्ट्झ. दोघांचं सिम बीएसएनएलचं, आणि बीएसएनएलचं ४जी या बँडवरही चालतं. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि झाडी-डोंगरातून जास्त पोहोचतात, म्हणून टॉवरपासून दूरच्या वाडीत कधी कधी एवढाच बँड उरतो. तालुक्याच्या गावात टॉवर जवळ, बँड जास्त. म्हणून काका म्हणायचे, “खानापूरला बाजाराला गेलो की चालतंय की.” ही खूण लक्षात ठेवा.

फोनचा मॉडेल नंबर ‘About phone’मध्ये मिळतो. तो घेऊन कंपनीच्या साइटवर ‘LTE’ समोरची यादी वाचा. काकांच्या फोनला B1, B3, B5, B8, B40 होते, B28 नव्हता. ५जीच्या यादीतला n28 वेगळा, त्याच्यावर विसंबू नका. नसलेला बँड कुठल्या ॲपनं येत नाही, कारण त्याला फोनमध्ये तसा भागच लागतो.

सीमेवर आणखी एक घोळ होतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात, चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. टेकडीवरच्या घरात फोन पलीकडचा टॉवर पकडतो, वर ‘R’ येतो आणि ‘Data roaming’ बंद असेल तर नेट थांबतं. तो पर्याय चालू करा. पलीकडचा सिग्नल क्षीण असूनही फोन तिथंच चिकटत असेल, तर आपोआप नेटवर्क निवडणं बंद करून कर्नाटकातलं हातानं निवडा. गाव सोडताना परत आपोआपवर आणा.

सिम आणि फोन दोन्ही बरे निघाले, तरच टॉवरकडे वळायचं. दूरसंचार खात्याच्या तरंग संचार पोर्टलवर जवळ कुठल्या कंपनीचा टॉवर आहे ते नकाशावर दिसतं. त्याच कोडच्या पानात ‘RSRP’, म्हणजे सिग्नलच्या जोराचा आकडा, बघा. उणे ८५च्या आसपास चांगलं, उणे ११५च्या खाली गेलं की नेट रडतंच. अंगणात आणि माजघरात वेगळा आकडा आला, तर अडथळा भिंतीचा.

काकांनी नवा फोन घेतला नाही. पुतण्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम रात्री आठ वाजता, सगळं गाव नेटवर असताना, स्वयंपाकघरात लावून बघितलं. ४जी आलं, बँड ८वर. आता ते डेटाला, आणि जुना नंबर दुसऱ्या खाचेत नुसता बोलायला.