स्नूकरच्या फ्रेम हँडिकॅपचे भाव काढताना या चुका टाळा

विजेत्याचा भाव बरोबर येतो, पण हँडिकॅपचा साफ चुकतो, असं तुमच्या शीटमध्ये होत असेल तर दोष बहुधा एकाच जागी असतो. माझ्याही शीटमध्ये तो बरेच दिवस होता. विजेत्याचा आकडा जुळतोय म्हटल्यावर बाकीचं तपासायचं मला सुचलंच नाही.

नऊ फ्रेमची मॅच घेऊ, म्हणजे जो आधी पाच जिंकेल त्याची मॅच. वरचढ खेळाडू एक फ्रेम जिंकण्याची शक्यता 0.6 धरू. पुष्कळ जण इथे नऊच्या नऊ फ्रेम खेळल्या जातात असं मानून द्विपद सूत्र लावतात. विजेत्यापुरतं ते चालून जातं. पाच झाल्यावर उरलेल्या फ्रेम खेळल्या काय आणि न खेळल्या काय, विजेता तोच राहतो. दोन्ही रीतींनी 73.3 टक्केच येतात, आणि आपण फसतो ते इथेच.

खरी मॅच पाचव्या विजयाला थांबते, म्हणून शेवटची फ्रेम विजेत्याचीच असते. 5-2 हा स्कोअर हवा असेल तर आधीच्या सहा फ्रेममध्ये 4-2 व्हायला हवं. त्याचे क्रम 15 होतात. सातातून दोन निवडून 21 घेतले, तर त्यात 5-1 ला संपलेली मॅच पुढे खेळून हरलेली फ्रेमसुद्धा धरली जाते. सूत्र असं:

```python
from math import comb
def score(p, n, k):
    return comb(n-1+k, k) * p**n * (1-p)**k
```

`n` म्हणजे जिंकायच्या फ्रेम, `k` म्हणजे हरणाऱ्याच्या. p = 0.6 ला 5-0 ते 5-4 या स्कोअरच्या शक्यता अनुक्रमे 7.8, 15.6, 18.7, 17.4 आणि 13.9 टक्के येतात. −1.5 हँडिकॅपला 5-4 वगळून बाकी सगळे चालतात, म्हणजे 59.4 टक्के. −2.5 ला 5-3 सुद्धा बाद, म्हणून 42.0. नऊ फ्रेमवाल्या हिशोबात मात्र दोन्हींना 48.3 च येतात, कारण तिथे 5-4 नंतरचा स्कोअर थेट 6-3 असतो. पहिली शक्यता फार कमी, दुसरी फार जास्त. दोन लगतच्या हँडिकॅपला सारखाच आकडा दिसला की समजा, हीच चूक झाली आहे.

एक झटपट तपासणीही आहे. नववी फ्रेम होण्याची शक्यता आणि 4-4 होण्याची शक्यता एकच असली पाहिजे. आपल्या उदाहरणात 5-4 चे 13.9 आणि 4-5 चे 9.3 मिळून 23.2 टक्के होतात, आणि 70 × 0.6⁴ × 0.4⁴ सुद्धा 23.2 च येतं. हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

दुसरी चूक p मिळवताना होते. मॅचचा भाव 1.30 आणि 3.57 असेल, तर 1/1.30 म्हणजे 76.9 टक्के हा आकडा थेट वापरायचा नाही. दोन्ही बाजूंची बेरीज 104.9 होते, त्यातला वरचा भाग बुकीच्या नफ्याचा. तो प्रमाणात वगळला की 73.3 उरतात, आणि त्यातून p 0.6 निघतो. न वगळता काढलात तर p सुमारे 0.618 होतो आणि −2.5 ची शक्यता 42 वरून 46 टक्क्यांवर चढते. (73.3 लाच p समजून बसणारेही भेटतात. ती मॅचची शक्यता आहे, फ्रेमची नव्हे. उलटं काढायला सरळ सूत्र नाही. p कमी-जास्त करत मॅचचा आकडा जुळवावा लागतो.)

एकूण फ्रेममध्ये वेगळीच गोम आहे. p = 0.6 ला 7.5 पेक्षा जास्त फ्रेम होण्याची शक्यता 48.4 टक्के येते. पण आपल्याला p नेमका ठाऊक कुठे असतो? त्या दिवशी खेळाडू रंगात असेल किंवा नसेल. मुद्दाम ताणून उदाहरण घेऊ: निम्म्या वेळा p 0.5, निम्म्या वेळा 0.7. सरासरी 0.6 च राहते. 0.5 ला 54.7 टक्के, 0.7 ला 32.4, म्हणजे सरासरी 43.6. जवळपास पाच टक्क्यांचा फरक! प्रत्यक्षात p इतका हलत नाही, 0.55 आणि 0.65 घेतले तर फरक सव्वा टक्क्याचा राहतो. मात्र दिशा तीच: p बद्दल जेवढी शंका, तेवढं एकूण फ्रेमच्या 'जास्त' बाजूला साधं सूत्र फुगवून दाखवतं. विश्व अजिंक्यपद स्पर्धेच्या पहिल्या फेरीसारख्या दहापर्यंतच्या मॅचला मी म्हणूनच p च्या तीन-चार किमती घेऊन प्रत्येकीचा निकाल काढतो आणि मग त्या निकालांची सरासरी घेतो. आधी p ची सरासरी आणि मग सूत्र, हा उलटा क्रम टाळतो.