बीटा ब्लॉकरचा तक्ता: आधी रिसेप्टर, मग बाकीचे रकाने

बांबोळीच्या वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री कार्यपद्धती, उपयोग, दुष्परिणाम आणि निषेध हे चारही रकाने पुस्तकातून उतरवत बसलात, तर दुष्परिणाम आणि निषेध वेगवेगळे पाठ करावे लागतील. त्यापेक्षा कार्यपद्धती आधी लिहा, तीही एकेका रिसेप्टरला स्वतंत्र ओळ देऊन. उदाहरणाला प्रोप्रॅनोलॉल घ्या. हृदयातले बीटा-१ अडले की ठोके मंदावतात: उपयोग अंजायना, दुष्परिणाम ब्रॅडिकार्डिया, निषेध हार्ट ब्लॉक. श्वासनलिकेतले बीटा-२ अडले की ती आकसते, म्हणून दम्यात नको. मेटोप्रोलॉल मुख्यतः पहिल्या ओळीत बसतो. डोस वाढला की मात्र दुसरीतही शिरतो. मायग्रेनचा उपयोग या ओळींतून सरळ निघत नाही. तो वेगळ्या शाईने लिहा, पाठ करायचा तो तेवढाच.