दुधीचा रस पिताय? या चुका टाळा

दुधीची भाजी कडू निघाली तर पहिल्याच घासाला तोंड वाकडं होतं, ताट बाजूला सरकतं आणि भाजी करणाऱ्याला दोन शब्द ऐकावे लागतात. तेवढ्यावर निभावतं. रसाचं तसं नाही. जवळपास अर्ध्या किलोचा दुधी एका ग्लासात उतरतो आणि आपण तो औषधासारखा, नाक दाबून, दोन-तीन घोटांत संपवतो. जीभ नको म्हणेपर्यंत ग्लास रिकामा झालेला असतो. कडू दुधीच्या विषबाधेच्या बातम्या भाजीपेक्षा रसाच्याच जास्त का येतात, त्याचं मोठं कारण हेच.

सोलापुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांत दुधीच्या रसाचे भक्त कमी नाहीत. शुगर, बीपी, वजन, कोलेस्टेरॉल, सगळ्यावर हाच उतारा. रस चांगला की वाईट या वादात मला पडायचं नाही. प्यायचा असेल तर पिण्याआधीची एक पायरी बहुतेक घरांत गाळली जाते, तिच्याबद्दल सांगायचं आहे.

कडू लागलं तरी ‘औषध आहे’ म्हणून पिणं

ही सगळ्यात घातक चूक. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं, भोपळा या वेलवर्गात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. किडीने आणि जनावरांनी फळ खाऊ नये म्हणून वेलीने केलेली ही सोय. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचंच बी राखलं, म्हणून आपल्या ताटातल्या भाज्यांत ही द्रव्यं जवळजवळ नसतात. पण वेलीचा मूळ स्वभाव अधूनमधून उफाळतो. कधी बियाण्यातूनच कडूपणा येतो, तर कधी कडक ऊन आणि पाण्याची ओढाताण निमित्त होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि विहिरीचं पाणी आज आहे, उद्या नाही. अशा वेळी फळ जास्तच निरखून घ्यावं. ‘इंजेक्शन मारलं असेल, म्हणून कडू’ असं मंडईत हमखास ऐकू येतं, पण या विषाला बाहेरचं काही लागत नाही. वेल ते स्वतःच बनवते. घरच्या शेतातला, बिनखताचा दुधीही कडू निघू शकतो.

२०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच गेला. नवरा-बायको दोघंही दुधी आणि कारल्याचा एकत्र रस नेहमी घेत असत. त्या दिवशीचा रस पिऊन दोघं आजारी पडले. बायको वाचली, नवरा नाही. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेतर्फे तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, कडू रस पिऊ नका. तरीही २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एका महिलेचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला.

चाखायचं, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने

‘आम्ही बघूनच घेतो’ असं सांगणारे बरेच असतात. बघून काही कळत नाही. कडू दुधी तितकाच कोवळा, हिरवागार, लवदार दिसतो. नखाने टोचून कोवळेपणा समजतो, कडूपणा नाही.

एका घरात तीन दुधी आणलेत असं धरू. आई तिन्ही धुते, सोलते, चिरते, एकाच पातेल्यात टाकते आणि एक फोड तोंडात टाकून बघते. गोड लागली. पण ती फोड पहिल्या दुधीची होती, आणि कडू होता तिसरा. आता मिक्सरमध्ये तिन्हींचा रस एक झाला. वर लिंबू, आलं, पुदिना आणि काळं मीठ. ग्लास हातात येईपर्यंत कडवटपणा ओळखायची संधी हुकलेली असते.

म्हणून प्रत्येक दुधी वेगळा चाखायचा, चिरून एकत्र करण्याआधी. देठाकडचं टोक कापून टाका आणि त्याच्या लगतची एक पातळ चकती काढा. तशीच एक चकती दुसऱ्या टोकाकडून. प्रत्येकीचा नखाएवढा तुकडा मीठ-लिंबू न लावता समोरच्या दातांनी चावायचा, जिभेवर घोळवायचा आणि पाच-दहा सेकंद थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, कारण कडवटपणा बऱ्याचदा लगेच लागत नाही, जरा मागाहून येतो. मग तुकडा गोड लागो की कडू, थुंकून टाकायचा आणि चूळ भरायची. चांगला दुधी फिका, पाणचट, किंचित गोडसर लागतो. कडूपणाची नुसती शंका आली तरी तो दुधी बाद.

चाखणाऱ्याची जीभ शाबूत हवी. तंबाखू, गुटखा किंवा मशेरीची सवय असेल, सर्दीने तोंडाला चव नसेल, तर हे काम घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे द्या. लहान मुलांकडे नको.

दुधी कडू निघाला तर सुरी, पाट आणि मिक्सरचं भांडं धुऊन घ्या. आणि तो दुधी गोठ्यातही टाकू नका. गायी-शेळ्यांनाही या द्रव्याने विषबाधा होते.

कारलं, आवळा, मध घालून चव मारणं

‘कारलं कडूच असतं की, ते खाऊन कुणाला काय होतं?’ हा प्रश्न वाजवी आहे. कारल्याचा कडूपणा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या द्रव्यांचा असतो आणि तो आपल्याला अपेक्षित असतो. दुधीत मुळात कडूपणा नसावाच, म्हणून तो आला की धोक्याची घंटा समजायची. कारल्याचा रस दुधीत मिसळला की ही घंटा ऐकूच येत नाही. सगळाच ग्लास कडू, मग त्यातला कुठला कडूपणा कारल्याचा आणि कुठला दुधीचा, हे कोण सांगणार? मिश्र रस घ्यायचाच असेल तर दुधी आधी एकटा चाखून मगच पुढे. रसवाल्याकडे तयार मिश्र रस असतो, तिथे ही सोयच नसते. तो मी तरी घेणार नाही.

मध, गूळ, लिंबू यांनी चव झाकली जाते, विष तिथेच राहतं.

‘शिजवलं की जातं’ हा समज

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. कुकर्बिटासिन उकळून, तळून किंवा भाजून नष्ट होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम गावी एका वृद्ध जोडप्याने शेजाऱ्याच्या बागेतली झुकिनी शिजवून खाल्ली. झुकिनी म्हणजे आपल्या भोपळ्याचीच चुलतबहीण. भाजी कडू होती. बायकोने चव आवडली नाही म्हणून कमी खाल्लं, नवऱ्याने जास्त. दोघं आजारी पडले आणि नवरा दगावला.

म्हणजे कडू दोडक्याची भाजी जास्त तिखट करून, शेंगदाण्याचं कूट वाढवून खपवायची नाही. पाहुणे आलेत, वाढलेलं टाकायचं कसं, या भिडेपायी तर मुळीच नाही. हेच घोसाळं, पडवळ, तोंडली आणि लाल भोपळ्यालाही लागू. काकडीच्या देठाकडचा इंचभर भाग किंचित कडू असणं नेहमीचं आहे, तेवढा कापून टाकावा. टोकं चोळून फेस काढायची आपली जुनी रीत आहे. ती हवी तर पाळा, पण चाखायचं सोडू नका. मधला भागही कडू लागला तर काकडी सबंध टाकून द्यायची.

प्यायल्यावर ‘बघू या थोडा वेळ’ म्हणत बसणं

लक्षणं काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत सुरू होतात. मळमळ, पोटात मुरडा, जोराच्या उलट्या, जुलाब. बऱ्याच रुग्णांना रक्ताची उलटी होते, कारण जठर आणि आतड्याच्या आतल्या आवरणाला इजा होऊन तिथे रक्तस्राव होतो. रक्तदाब झपाट्याने उतरतो, घाम सुटतो, अंग गार पडतं. अर्ध्या कपाएवढ्या रसानेही त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा ‘थोडाच तर प्यायलाय’ हा दिलासा पोकळ आहे.

उतारा म्हणून दूध, तूप किंवा ताक पाजू नका. मिठाचं पाणी देऊन उलटी काढू नका, आत आधीच जखमा असू शकतात. या विषाला नेमकं प्रतिविष नाही. सलाईन, आम्ल कमी करणारी औषधं, रक्तदाब सांभाळणं, गरज पडल्यास रक्त आणि दुर्बीण घालून तपासणी, हाच उपचार, आणि तो दवाखान्यातच होतो. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘दुधीचा रस प्यायला, कडू होता, अमुक वाजता, एवढा.’ हे सांगितलं नाही तर साध्या अन्नबाधेसारखं दिसतं आणि नेमक्या गोष्टीवर नजर ठेवायला उशीर होतो. बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. उरलेला रस किंवा दुधीचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या. घरात आणखी कुणी तोच रस घेतला असेल तर त्यालाही घेऊन चला, त्रास सुरू झाला नसला तरी.

परसातल्या वेलाचं बी धरणं

गच्चीवर किंवा परसात दुधी लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पंढरपूर भागात भीमाकाठी तंबोऱ्यासाठीचे भोपळे पिकतात, ते दुधीच्याच जातकुळीतले. अशा भोपळ्याच्या किंवा रानातल्या कडू वेलाच्या फुलाचा पराग मधमाशीने तुमच्या दुधीच्या फुलावर आणला, तरी या वर्षीचं फळ त्यामुळे कडू होत नाही. गर आईवेलाचाच असतो. फरक पडतो तो बियांत. त्या बियांचा वेल पुढच्या हंगामात सबंध कडू फळं देऊ शकतो, आणि कडूपणा हा वरचढ गुण असल्याने एकाच परागाने काम होतं. म्हणून घरचंच बी धरायचं असेल तर मादी फूल आणि त्याच वेलाचं एक नर फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत बांधा, उमलल्यावर त्या नर फुलाने हाताने परागण करा आणि मादी फूल पुन्हा बांधून ठेवा. एवढा खटाटोप जमत नसेल तर दर वर्षी खात्रीच्या दुकानातून पाकीट घ्या. आणि मागच्या वर्षीच्या भोपळ्याच्या बिया कुठे पडून आपोआप वेल उगवला असेल, तर त्याच्या प्रत्येक फळाची चकती आधी जिभेवर, मग पातेल्यात.