प्रार्थनेच्या व्हिडिओतून मी ‘ईल’ कसं काढलं

परीक्षेआधी मुलांनी शांत बसावं, छोटी प्रार्थना म्हणावी आणि मग अभ्यासाला लागावं, एवढ्यासाठी मी पहिला व्हिडिओ केला होता. आवाज बरा होता, चित्र बरं होतं. प्रार्थनेनंतर मी एक वाक्य सहज म्हणून गेले : ‘रोज श्रद्धेने म्हण, यश नक्की मिळेल.’ तेव्हा त्यात मला काहीच खटकलं नाही. निकालानंतर एका मुलाचा मेसेज आला. ‘मी एकही दिवस चुकवला नाही. तरी गणित राहिलं. माझी श्रद्धा कमी पडली का?’

त्याला उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले. चूक माझ्या वाक्याची आहे, तुझ्या श्रद्धेची नाही, असं लिहिलं आणि व्हिडिओ काढून टाकला. असा व्हिडिओ पहिल्यांदाच करायला बसलेल्यांसाठी त्यानंतरचं सगळं सांगते.

आधी लिहिलेल्या मजकुराबद्दल. आता मी संहिता लिहून झाली की लाल पेन घेऊन ‘मिळेल’, ‘होईल’, ‘जाईल’, ‘आठवेल’ अशी ‘ईल’, ‘एल’ने संपणारी क्रियापदं शोधते. भविष्यकाळ आला की बहुतेक वेळा त्यात वचन लपलेलं असतं. प्रार्थनेसाठी मराठीत ‘मिळो’, ‘राहो’, ‘मिळू दे’ अशी रूपं आहेतच. ती इच्छा सांगतात, हमी देत नाहीत. पण नुसतं रूप बदलून भागत नाही. ‘पेपर सोपा जावो’ हे व्याकरणाने मागणंच आहे, तरी मुलाचं लक्ष पुन्हा पेपरवरच जातं, आणि पेपर कसा निघणार हे त्याच्या हातात नसतं. मी एक वाक्य असं बदलत नेलं : ‘सगळं आठवेल’, मग ‘सगळं आठवो’, आणि शेवटी ‘आठवलं नाही तरी घाबरून न जाता पुढच्या प्रश्नाकडे जाण्याचा धीर मला मिळो’. हे शेवटचं वाक्य निकाल काहीही लागला तरी खोटं पडत नाही.

सगळ्यात सांभाळायची जागा म्हणजे ‘तर’. ‘मनापासून म्हटलंस तर’, ‘विश्वास ठेवलास तर’. निकाल मनासारखा लागला नाही की हा ‘तर’ मुलावरच उलटतो. माझ्या संहितेत तो आता फक्त मोकळीक देण्यापुरता येतो : ‘मन भरकटलं तर भरकटू दे, सावकाश परत ये.’

आता रचना. माझा व्हिडिओ साधारण सात मिनिटांचा असतो. आठ मिनिटं किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओत यूट्यूबवर मधे जाहिरात येऊ शकते, आणि डोळे मिटून बसलेल्या मुलाच्या कानात ती अचानक वाजली की केलेलं सगळं वाया जातं. म्हणून आठच्या आत राहणं बरं. सुरुवातीचं अर्धं मिनिट नुसतं बसण्यासाठी. मग चार आकडे मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, असं सहा वेळा, म्हणजे बरोबर एक मिनिट. कुणाला हे जमत नाही, कुणाला अस्वस्थ वाटतं, म्हणून ‘जमत नसेल तर नेहमीसारखाच श्वास घे’ हे वाक्य मी कधीच गाळत नाही. त्यानंतर दीड मिनिट प्रार्थना आणि एक मिनिट शांतता.

ही शांतता पहिल्यांदा फसली होती. मी आवाज पूर्ण बंद केला आणि पाहणाऱ्यांना वाटलं व्हिडिओ अडकला. आता मी आधी सांगते, ‘एक मिनिट मी बोलणार नाही’, आणि मागे तानपुरा अगदी बारीक चालू ठेवते. पण तानपुऱ्याचीही एक गंमत आहे. हेडफोनवर तो भरदार, गोड वाटतो. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे सूर जवळपास ऐकूच येत नाहीत आणि वरची झणझण तेवढी उरते. म्हणून आवाजाचं प्रमाण ठरवताना हेडफोन काढून, फोन टेबलावर ठेवून, दोन हातांवरून ऐकायचं. माझा शब्द स्पष्ट आणि तानपुरा आहे की नाही अशी शंका, इतपत बरोबर.

बोलताना मी ‘तू’ वापरते. ‘तुम्ही’ने वर्गात उभं राहिल्यासारखं होतं, आणि ‘विद्यार्थी मित्रांनो’ म्हटलं की एकट्या बसलेल्या मुलाला ते आपल्याला उद्देशून वाटत नाही.

उरलेली तीन मिनिटं अभ्यासाच्या सवयीची. त्यात मी एकच गोष्ट सांगते : कोरा कागद. एक धडा निवड, पुस्तक मिट, पंधरा मिनिटं आठवेल ते लिही. मग पुस्तक उघड, जे सुटलं त्याखाली रेघ मार आणि तेवढंच वाच. परत परत वाचण्यापेक्षा आठवून लिहिणं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं. पण त्याच प्रयोगांतली दुसरी बाजू व्हिडिओ करणाऱ्याने नीट वाचायला हवी. पाच मिनिटांनंतर चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते; आठवडाभराने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

याचा सरळ अर्थ, हा व्हिडिओ परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी नाही. मी तो दोन-तीन आठवडे आधी टाकते. आदल्या रात्रीसाठी वेगळा, चार मिनिटांचा केला आहे. त्यात कोरा कागद नाही. श्वास, प्रार्थना, उद्याचं दप्तर भरणं आणि झोप, एवढंच. मी एकदा कागदाचा व्हिडिओ परीक्षा दारात आल्यावर टाकला होता. एका मुलीने धडा मिटून लिहायला घेतलं, चार ओळींवर थांबली आणि ‘मला काहीच येत नाही’ म्हणून रडली, असं तिच्या आईने सांगितलं. पहिल्यांदा आठवून लिहिताना कागद रिकामाच राहतो, हे मी सांगितलं नव्हतं. आता त्या वाक्याला मी मुद्दाम वेळ देते : ‘पहिल्या दिवशी चार ओळी आल्या तरी चालतील. त्या चार ओळी पुस्तक न बघता आल्यात. बाकी काय वाचायचं ते आता तुला कळलं.’

शीर्षकाबाबत आजूबाजूचे लोक आग्रह करतात : टक्क्यांचा आकडा टाका, ‘चमत्कारी’ लिहा, जास्त बघितलं जाईल. ते खरंही असेल. पण आत एकही वचन दिलं नाही आणि दारावरच पाटी लावली, तर मूल आत येतं ते पाटी वाचूनच. माझं शीर्षक असतं ‘अभ्यासाला बसण्याआधी सात मिनिटं : प्रार्थना आणि कोरा कागद’. चित्रावर टेबल, कागद, पेन. गुणपत्रिका नाही, हसरं तोंड आणि ट्रॉफी नाही.

शेवट मी असा करते : ‘आता फोन उलटा ठेव आणि कागद घे.’ त्यानंतर पुढचे व्हिडिओ सुचवणारी चौकट नाही, संगीत नाही. वीस सेकंद नुसता काळा पडदा. बरीच मुलं ते सेकंद पाहतच नाहीत, त्याआधीच व्हिडिओ बंद करतात. व्हिडिओ कुठपर्यंत पाहिला गेला हे दाखवणारा यूट्यूबचा आलेख तिथे खाली गेलेला दिसला की मला बरं वाटतं.